वाचवायचं कॅप्टनने, उतरवून घ्यायचं कोणी?

"नमस्कार कॅप्टनसाहेब. मी सोलापूरचाच, जोडबसवण्णा चौकात कापडाचं दुकान आहे. धाकटा मुलगा ऑइल टँकरवर डेक कॅडेट आहे. सहा दिवसांपूर्वी भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाने बुडत्या बोटीतली ३१ माणसं वर घेतली. आता कुठलंच बंदर त्यांना उतरवून घेईना, जहाज समुद्रातच उभं आहे. त्यांना घ्यायलाच हवं होतं का? आणि घेतलं, तर आता उतरवायचं कुठे? मुलावर काही बालंट तर येणार नाही ना?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरात सगळ्यांच्या डोक्यात तोच घोळत असणार. तुमच्या मुलावर बालंट येण्याचं कारण दिसत नाही. कॅडेट स्वतःच्या मनाने काही करत नाही, तो कॅप्टनचा हुकूम पाळतो. आणि बुडती माणसं वर घेण्याचा कॅप्टनचा हुकूम कायद्याला धरूनच होता. उलट माणसं पाण्यात आहेत हे कळूनही जहाज पुढे काढलं असतं, तर बालंट आलं असतं. वहिनींना हे आधी सांगा, बाकीचं सावकाश वाचा.

घ्यायलाच हवं होतं का? हो. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्याचं १९७४ चं रूप लागू आहे आणि जहाजावर सगळे त्याला सोलास म्हणतात. त्याच्या पाचव्या प्रकरणातला ३३ वा नियम असा आहे : समुद्रात माणसं संकटात आहेत अशी खबर कुठूनही मिळाली आणि मदत करण्याच्या स्थितीत जहाज असलं, तर कॅप्टनने पूर्ण वेगाने तिकडे जायचं. ती माणसं कुठल्या देशाची, कागदपत्रं आहेत की नाहीत, कशासाठी निघाली होती, यातलं काहीही बघायचं नाही. जाता आलं नाही, किंवा जाण्याची गरज नाही असं त्याला वाटलं, तर त्याचं कारण लॉगबुकात लिहायचं. ते लिहिलेलं पुढे कोर्टात वाचलं जाऊ शकतं, त्यामुळे तिथे कोणी थातूरमातूर कारण लिहीत नाही. जहाजाच्या मालकाने किंवा भाड्याने घेणाऱ्या कंपनीने कॅप्टनला यात अडवायचं नाही, असंही सोलासमध्ये वेगळं लिहिलेलं आहे. तेव्हा 'कंपनी नाही म्हणाली' ही सबब चालत नाही.

म्हणजे वाचवण्याची जबाबदारी एका माणसावर, नाव घेऊन, त्या क्षणापासून टाकलेली आहे. उतरवून घेण्याची जबाबदारी मात्र तशी कुणा एकावर टाकलेली नाही. तुमच्या मुलाचं जहाज नेमकं या फटीत अडकलंय.

हे गणित जुळतं तेव्हा किती सोपं असतं, ते मी स्वतः पाहिलंय. २०१४ च्या उन्हाळ्यात मी एका रिकाम्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर होतो. पहाटे सॅट-सी या उपग्रह-संदेश यंत्रावर रोमच्या बचाव केंद्राचा संदेश आला, एक बोट आणि तिची पोझिशन. आम्ही साडेतीन तासांच्या अंतरावर होतो. निळ्या रंगाची लाकडी बोट, त्यात दाटीवाटीने ८८ माणसं, आणि पाणी काठाला लागलेलं. रिकाम्या बल्क कॅरिअरची बाजू पाण्यापासून दहा मीटरहून उंच असते. खालच्या माणसाला तीन मजली भिंत समोर येऊन उभी राहिल्यासारखं वाटतं.

अशा वेळी सगळ्यात मोठा धोका वाचवणाऱ्या जहाजाचाच असतो. मोठं जहाज दिसलं की बोटीतली सगळी माणसं त्याच्या बाजूला उठून येतात आणि बोट उलटते. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री लिबियाच्या उत्तरेला किंग जेकब नावाचं मालवाहू जहाज मदतीला पोचलं, तेव्हा खचाखच भरलेली बोट त्याच्यावर आदळून उलटली. आठशेच्या वर माणसं गेली, वाचली फक्त २८. म्हणून आम्ही जहाज वाऱ्याच्या बाजूला आडवं उभं केलं, म्हणजे आडोशाला पाणी शांत होतं, आणि इंजिन थांबवलं. आमची छोटी रेस्क्यू बोट लाइफजॅकेटं घेऊन आधी पाठवली. सगळ्यांच्या अंगात जॅकेटं चढेपर्यंत शिडी खाली सोडलीच नाही. बोसन, म्हणजे आमचा सारंग, खाली बोटीत उभा राहून हातांच्या खुणांनी एकेकाला बसवत होता. वर घ्यायला चार तास लागले.

त्यातली एक बाई मला अजून आठवते. तिला चढता येत नव्हतं, म्हणून दोर बांधून वर ओढली. साडी नेसल्यासारखं एक लांब कापड अंगाभोवती होतं, ते ओलं आणि डिझेलच्या वासाचं. कापड बाजूला केलं तर कमरेपासून मांड्यांपर्यंत कातडी सोललेली. बोटीच्या तळाशी सांडलेलं इंधन आणि खारं पाणी एकत्र साचतं. बायका-मुलांना सुरक्षित म्हणून मधोमध बसवतात, आणि ती तासन्‌तास त्याच पाण्यात बसून राहतात. आग न लागता माणूस असा भाजतो. यावर पहिला उपाय म्हणजे ओले कपडे ताबडतोब उतरवून गोड्या पाण्याने भरपूर धुणं. आमच्या औषधपेटीतलं भाजण्याचं मलम पहिल्या दिवशीच संपलं.

पण शेवटची काही माणसं अजून शिडीवर होती, तेवढ्यात रोमहून दुसरा संदेश आला : 'ऑगस्टा बंदराकडे निघा.' सिसिलीचं हे बंदर. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धक्क्याला लागलो. रेड क्रॉसची माणसं, डॉक्टर, पोलीस तयार उभे होते. संध्याकाळी आम्ही आमच्या वाटेला लागलो. त्या वर्षी इटलीचं स्वतःचं नौदल मोहीम काढून बाहेर होतं, बंदरं उघडी होती, म्हणून एवढं सुरळीत झालं. कायदा तेव्हा जो होता तोच आजही आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो, ते आता सांगतो. सगळी मेख त्याच्या शब्दांत आहे.

२००१ पर्यंत उतरवण्याबद्दल स्पष्ट असं काही नव्हतंच. त्या वर्षी २६ ऑगस्टला टॅम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने, ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राच्या सांगण्यावरून, ख्रिसमस आयलंडच्या उत्तरेला एका बंद पडलेल्या इंडोनेशियन बोटीतून ४३३ माणसं घेतली. खलाशी २७, आणि जहाजावर जीवरक्षक साधनं फक्त ५० जणांपुरती. कॅप्टन आर्ने रिनान आधी इंडोनेशियाकडे निघाले, पण वर घेतलेली माणसं बिथरली, तेव्हा त्यांनी जहाज ख्रिसमस आयलंडकडे वळवलं. ऑस्ट्रेलियाने आत यायला बंदी केली. तीन दिवस वाट पाहून, माणसांची तब्येत ढासळतेय असं कळवून, कॅप्टन हद्दीत शिरले. त्यांना अडवायला सरकारने लष्करी कमांडो जहाजावर चढवले. शेवटी ती माणसं नौदलाच्या जहाजावरून नाउरूला गेली, काही न्यूझीलंडने घेतली. पुढच्या वर्षी निर्वासितांच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने कॅप्टन, खलाशी आणि कंपनीला नान्सेन पुरस्कार दिला. पण प्रत्येक कॅप्टनच्या मनात राहिले ते कमांडो.

टॅम्पानंतर जगभरच्या सरकारांनी बसून सोलास आणि १९७९ च्या शोध-बचाव करारात दुरुस्त्या केल्या. त्या २००४ मध्ये मंजूर झाल्या आणि १ जुलै २००६ पासून लागू झाल्या. त्याआधीच सगळा समुद्र नकाशावर शोध-बचावाच्या हद्दींमध्ये वाटलेला होता, प्रत्येक हद्द एका देशाकडे. दुरुस्तीत ठरलं ते असं : सरकारांनी एकमेकांशी समन्वय आणि सहकार्य करावं, म्हणजे कॅप्टनला कमीत कमी वाट वाकडी करून मोकळं होता येईल. ज्याच्या हद्दीत माणसं वाचवली, त्या देशाने हा समन्वय होतोय हे बघण्याची 'प्राथमिक जबाबदारी' घ्यावी. आणि माणसं 'सुरक्षित जागी' उतरवली जावीत.

हे तुम्ही दुकानातल्या करारासारखं वाचून बघा. 'माल मी उतरवून घेईन' आणि 'माल कुठेतरी उतरवला जाईल हे मी बघेन' या दोन वाक्यांत किती फरक आहे? करारात दुसरं वाक्य आहे. हद्दीच्या देशाने स्वतःचं बंदर उघडलंच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याने फोन फिरवत राहायचं. फोनवर सगळे नाही म्हणाले, तर पुढे काय, याचं उत्तर करारात नाही.

आपल्याकडे पुणे रस्त्यावर अपघात झाला की पूर्वी पोलिसांत हद्दीवरून वाद व्हायचे. आता निदान झिरो एफआयआर आहे : कुठल्याही ठाण्यात नोंदवा, हद्दीचं नंतर बघू. समुद्रावर अशी सोय अजून झालेली नाही.

सुरक्षित जागा म्हणजे काय, हे मात्र त्याच वेळच्या मार्गदर्शक सूचनांत नीट सांगितलंय. जिथे जिवाला धोका उरत नाही, अन्न, निवारा, औषधोपचार मिळतात, आणि पुढे जाण्याची व्यवस्था लावता येते, अशी जागा. तिथे पोचल्यावरच बचाव संपला असं धरायचं. जहाज ही तात्पुरती सुरक्षित जागा असू शकते, पण माणसं पाण्यातून वर आली एवढ्यावर जहाजालाच सुरक्षित जागा मानू नये, असंही त्यात साफ म्हटलंय. हे वाक्य तुमच्या मुलाच्या कॅप्टनच्या टेबलावर असायला हवं, कारण 'सध्या तर सगळे सुखरूप आहेत ना, मग थांबा' हेच किनाऱ्यावरून ऐकू येतं.

आता भूमध्य समुद्राच्या मधल्या भागाची अडचण. तिथे माल्टाची बचाव-हद्द देशाच्या मानाने अफाट मोठी आहे, ट्युनिशियाच्या बाजूपासून क्रीटच्या बाजूपर्यंत. इटलीचं लाम्पेदुसा बेट त्या हद्दीच्या आत पडतं. आणि २००४ च्या दुरुस्त्या माल्टाने स्वीकारलेल्याच नाहीत. माल्टा म्हणतो, सगळ्यात जवळच्या सुरक्षित बंदरात उतरवा, आणि जवळचं बंदर बहुतेक वेळा लाम्पेदुसा निघतं. इटली म्हणते, ज्याची हद्द त्याची जबाबदारी. दोघंही आपापल्या कागदाने बरोबर. मध्ये उभा राहतो तो कॅप्टन.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मर्स्क एटिएन. डेन्मार्कच्या झेंड्याचा, म्हणजे तिथे नोंदलेला टँकर, तुमच्या मुलाच्या जहाजासारखाच. ४ ऑगस्ट २०२० ला माल्टाच्या अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून त्याने एका बोटीतून २७ माणसं घेतली. त्यांत एक गरोदर बाई आणि एक अल्पवयीन मुलगा होता. माणसं वर आली आणि बोट बुडाली. म्हणजे घ्यायलाच हवं होतं का, याचं उत्तर तिथेच डोळ्यांसमोर मिळालं.

मग जहाज माल्टाच्या बाहेर जाऊन उभं राहिलं. माल्टा म्हणाला, जहाजावर डेन्मार्कचा झेंडा आहे, डेन्मार्कने बघावं. डेन्मार्क म्हणाला, बोलावलं माल्टाने, तेव्हा त्यानेच उतरवून घ्यावं. कायद्यात झेंड्याच्या देशाने समन्वयात मदत करायची असते हे खरं, पण टँकर २७ माणसं घेऊन माल्टाहून कोपनहेगनला जाईल का? दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे तीस झाले. ती माणसं ऑगस्टच्या उन्हात डेकवर, गोधड्या टाकून झोपत होती. जहाजाचे खलाशी आपल्या वाट्यातलं अन्नपाणी, ब्लँकेटं देत होते. ६ सप्टेंबरला तिघांनी समुद्रात उड्या मारल्या. खलाशांनीच त्यांना पुन्हा बाहेर काढलं. एकाच जहाजाने त्यांचा जीव दोनदा वाचवला.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आणि स्थलांतर संस्था, जहाज-मालकांची जागतिक संघटना, सगळ्यांनी मिळून जाहीर विनंती केली. तरी कुठल्याही सरकारने बंदर दिलं नाही. शेवटी ११ सप्टेंबरला, ३८ व्या दिवशी, मारे योनिओ नावाच्या एका इटालियन बचाव-जहाजाची वैद्यकीय टीम टँकरवर चढली. तपासून त्यांनी माणसं आपल्याकडे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सिसिलीच्या पोझाल्लो बंदरात उतरवली. म्हणजे ज्या देशाकडे ती कधी सोपवलीच नव्हती, त्या देशात. पुढे जहाज-कंपनीने त्या बचाव-संस्थेला पैसे दिले म्हणून इटलीत त्यावर फौजदारी चौकशीही लागली. म्हणजे सुटकेची वाट शोधणारासुद्धा सुटला नाही.

३८ दिवस म्हणजे टँकरवर काय असतं, ते सोलापुरात बसून लक्षात येणार नाही, म्हणून तुमच्याच मुलाच्या जहाजाचा हिशोब मांडतो. समजा खलाशी २२ आहेत, आणि माणसं वर घेतली तेव्हा ६० दिवसांचा शिधा शिल्लक होता. आता जेवणारी तोंडं ५३. तोच शिधा २५ दिवसांत संपतो, आणि त्यातले सहा दिवस गेलेही. तरी शिधा विकत मिळतो, छोट्या बोटीने जहाजापर्यंत येतो. पाण्याचं जास्त अवघड आहे. बहुतेक जहाजांवर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून बनवतात, आणि त्यासाठी मुख्य इंजिनची उष्णता वापरतात. जहाज चालत असेल तरच पाणी बनतं. नांगरावर किंवा वाहत उभं राहिलं की इंजिन बंद, आणि पाणी बनणं बंद. टाकीत आहे तेवढंच. उजनी कोरडं पडू लागल्यावर चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. मुलगा फोनवर 'दिवसाआड आंघोळ' म्हणाला, तर घाबरू नका, पण त्याचा अर्थ काय ते ओळखा.

तिसरी अडचण टँकरची खास. डेकवर मालाच्या वाफा असू शकतात, म्हणून तिथे काडी पेटवायची नाही, मोबाइलसुद्धा वापरायचा नाही. ३१ थकलेल्या, घाबरलेल्या माणसांना हे वेगवेगळ्या भाषांत समजवायचं, आणि रात्रभर पहारा ठेवायचा. पहाऱ्याला कॅडेटच असतात. तुमच्या मुलाची झोप होत नसणार. आणि लाइफबोटी खलाशांच्या हिशोबाने ठेवलेल्या. उद्या जहाजावरच आग लागली, तर आणखी ३१ जणांना पुरेशी जागा असेलच असं नाही. जहाज ही सुरक्षित जागा का नव्हे, याचं याहून सरळ कारण नाही.

मग उतरवायचं कुठे? तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं : कॅप्टनने ठरवायचं नाही, पण कॅप्टनने मागत राहायचं. ज्या बचाव केंद्राने बोलावलं, त्याच्याकडे पहिल्या तासापासून लेखी मागणी : सुरक्षित जागेचं नाव द्या. सोबत माणसांची संख्या, बायका-मुलं किती, आजारी किती, किती दिवसांचं पाणी आणि शिधा आहे, लाइफबोटी कितीजणांच्या. रोज तीच मागणी, बदललेल्या आकड्यांसह. मी नव्या कॅप्टनांना एकच खूण सांगत असे : पहिल्या २४ तासांत केंद्राने बंदराचं नाव घेतलं, तर काम झालं. 'अमुक पोझिशनला जा आणि पुढच्या सूचनेची वाट बघा' असा संदेश आला, तर ओळखायचं की किनाऱ्यावर फोनाफोनी फसली आहे. त्याच दिवशी कंपनी, झेंड्याचा देश आणि जहाज-मालकांचा विमा क्लब, तिघांना कामाला लावायचं. सातव्या दिवसाची वाट बघायची नाही.

विमा क्लबचं नाव काढलं म्हणून सांगतो, वाचवण्यासाठी आणि उतरवण्यासाठी लागणारं जादा तेल, शिधा, पगार, बंदराचा खर्च साधारणपणे तोच भरून देतो. माल उशिरा पोचल्याचं नुकसान मात्र सगळं भरून निघत नाही. वाचवलेल्या माणसांकडून एक पैसाही मागता येत नाही, आणि मागूही नये.

एका सापळ्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. किनाऱ्यावरून सूचना येऊ शकते की ही माणसं लिबियाच्या तटरक्षकांच्या हवाली करा. लिबिया तिथून जवळ आहे आणि २०१८ पासून तिची स्वतःची बचाव-हद्दही नोंदलेली आहे. पण ती माणसं ज्या कोठड्यांतून पळून आली, तिथेच ती परत जाणार. २०१२ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने इटलीला दोषी धरलं होतं, कारण तिने समुद्रात अडवलेली माणसं लिबियात परत नेली होती. २०१८ मध्ये आसो २८ नावाच्या एका इटालियन जहाजाच्या कॅप्टनने १०१ माणसं त्रिपोलीला परत सोडली. नेपल्सच्या न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला शिक्षा सुनावली आणि २०२४ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षा सरकारला नाही, कंपनीला नाही, त्या एका कॅप्टनला. म्हणून कॅप्टनने ती सूचना लेखी मागावी, सुरक्षित जागेच्या व्याख्येत ती बसत नाही असं लेखी कळवावं, आणि वाट वळवू नये. कोण निर्वासित आणि कोण नाही, हे ठरवणं त्याचं काम नाही. जहाजावर मुलाखती घेत बसू नये, नावं आणि आजार लिहून घ्यावेत.

हे फक्त युरोपातलं दुखणं आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या अंदमान समुद्रात रोहिंग्यांची एक बोट इंजिन बंद पडून वाहत होती. बांगलादेशातून ९० माणसं निघाली होती. आपल्या तटरक्षक दलाने तिला शोधून काढलं, तोवर आठ मेलेली होती आणि एक बेपत्ता. आपल्या लोकांनी अन्न, पाणी, औषधं दिली, आणि ते मनापासून दिलं. पण उतरवायचं कुठे, यावर भारत आणि बांगलादेश यांचं जुळलं नाही. माणसं बोटीवरच राहिली. वाचलेली ८१ माणसं जूनमध्ये इंडोनेशियातल्या आचेजवळच्या एका छोट्या बेटावर लागली, निघाल्यापासून शंभराहून जास्त दिवसांनी. तेव्हा आपलाही देश या फटीत उभा होता, हे मला लपवावंसं वाटत नाही. नकार देणाऱ्या कुठल्याही किनाऱ्याकडे मी परक्याचा किनारा म्हणून बघू शकत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, बचावाच्या हद्दीच्या देशाने ठरावीक मुदतीत दुसरं बंदर मिळवून दिलं नाही, तर त्याचं स्वतःचं बंदर आपोआप सुरक्षित जागा मानलं जावं, एवढी एक ओळ करारात हवी. सरकारं ती लिहीत नाहीत, कारण लिहिल्यावर पाळावी लागते. दरम्यान मी ज्यांच्यासोबत नोकरी केली, त्यांतले काही कॅप्टन आता बोटींच्या वाटेपासून वीस मैल लांबून जातात. ते वाईट नव्हेत, त्यांना हे ३८ दिवस आठवतात. न दिसलेल्या बोटीची नोंद कुठल्याच लॉगबुकात होत नाही.

आता तुम्ही काय करायचं. मुंबईत नौवहन महासंचालनालयाचं चोवीस तास चालणारं संपर्क केंद्र आहे, तिथे जहाजाचं नाव आणि मुलाच्या सीडीसीचा, म्हणजे खलाशी-पुस्तिकेचा नंबर देऊन परिस्थिती कळवा. सीफेरर्स युनियनलाही कळवा, मुलगा सदस्य असो वा नसो. कंपनीच्या मुंबई ऑफिसशी भांडू नका. बहुतेक वेळा त्यांचीही झोप उडालेली असते. फक्त रोज एक साधा प्रश्न विचारा : सुरक्षित जागेची मागणी शेवटची कधी पाठवली, आणि उत्तर काय आलं? जहाजाचं नाव घालून फोटो कुणाला पाठवू नका. त्या ३१ जणांपैकी कुणाचा चेहरा ओळखला गेला, तर मागे राहिलेल्या त्यांच्या माणसांना त्रास होतो.

आणि मुलाला सांगा, रोज रात्री वहीत लिही. कुणाला ताप, किती पाणी उरलं, कुठला संदेश किती वाजता आला. कॅडेटची वही म्हणून तिला कमी लेखू नये. मी ज्या जहाजावर कॅडेट होतो, तिथे एका चौकशीत कॅप्टनचं म्हणणं खरं ठरलं ते माझ्या वहीतल्या वेळांमुळे.

आज फोन लागला तर त्याला तीन गोष्टी विचारून घ्या : कुठल्या बचाव केंद्राने बोलावलं होतं, माणसं घेतली ती पोझिशन कुठली, आणि जहाजावर झेंडा कोणत्या देशाचा. तिन्ही उत्तरं इथेच खाली लिहा. कुणाकडे आणि कुठल्या शब्दांत मागणी लावून धरायची, ते त्यावरून सांगता येईल.